विन्काच्या खालची आडवी रेघ

अल्बिना मातेतिचकडे वंशावळ काढायला दिली की पहिल्या भेटीत बोलणी खायची तयारी ठेवावी लागे. कुणी मोबाईलवर फोटो दाखवून "आजोबांचं नाव बहुतेक मिकुला होतं" असं म्हणालं, की ही चष्म्यावरून बघत म्हणे, "बहुतेक? बहुतेक म्हणजे काय? चर्चमध्ये जा, जन्माच्या वहीत बघून ये, मग बोल." माणूस मुकाट्याने बाकार या बंदराच्या गावातलं चढावरचं चर्च गाठी आणि दोन दिवसांनी कागद घेऊन परत येई.

तिचा हा खाक्या गोदीतला. एकतीस वर्षं तिने जहाजांचे नकाशे काढले होते, आणि तिथे पाइप दोन मिलिमीटर सरकला तर खाली माणसं खोळंबतात. गोदी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. मग एका हिवाळ्यात, बाहेर 'बुरा' नावाचा डोंगरावरचा बोचरा वारा सुटलेला असताना, तिने गोदीतून भंगारात निघालेलं आपलंच ड्रॉइंग बोर्ड घरी मांडलं आणि स्वतःच्या घराण्याची वंशावळ काढली. शेजारणीने ती पाहिली. शेजारणीच्या भावाने पाहिली. अमेरिकेत, अर्जेंटिनात पांगलेली घराणी दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे एकत्र जमतात, जेवतात, गातात आणि मांडवात एक भलीमोठी वंशावळ टांगतात. त्यामुळे अल्बिनाला कामाची ददात कधी पडली नाही.

कॉम्प्युटरवर हे होतं, हे तिला ठाऊक होतं. पुतण्याने तिला करूनही दाखवलं होतं. त्यात एका म्हाताऱ्याने दुसरं लग्न केलं की त्याची दुसऱ्या बायकोची मुलं अर्धी वीत खाली घसरत होती. "हे बघ," ती म्हणाली, "भाऊ भावाच्या पायाशी बसलाय. फेकून दे."

तिची पद्धत ठरलेली. आधी कागदावर आडव्या रेघा, एका पिढीला एक, डाव्या काठाला रोमन आकडे. कुणी कितीही आधी जन्मो की नंतर, ओळ वयाने नाही, पिढीने ठरते. रुंदी मात्र खालून वर मोजायची. शेवटच्या ओळीत पोरंटोरं किती, त्यांना जागा किती, त्यावर त्यांच्या आईबापांची जागा, त्यावर आजोबांची. वरून सुरुवात केली की तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं छान वाटतं आणि पाचव्या ओळीत गर्दी होते. दोन लग्नं झालेला पुरुष मध्ये, एक बायको डावीकडे, दुसरी उजवीकडे, आणि ज्या लग्नाची मुलं त्याच लग्नाच्या रेघेतून खाली. काडीमोड झाला असेल तर त्या रेघेवर दोन तिरके काप. दत्तक मूल तुटक रेघेने. आणि ज्याला मूल नाही त्याच्या नावाखाली एक छोटी उभी रेघ, तिच्या टोकाला एक आडवी. म्हणजे इथे संपलं, पुढे काही राहिलेलं नाही. ही आडवी रेघ नसली तर बघणाऱ्याला वाटतं, काढणारी विसरली.

तर त्या वसंतात बालाबानिच घराण्याचं काम तिच्याकडे आलं. एकशे त्रेचाळीस माणसं, पाच पिढ्या, ऑगस्टमध्ये मेळावा. काम घेऊन आला होता रोमानो बालाबानिच. सत्तरीचा, पोट सुटलेला, तोंडाने भारी फटकळ. त्याची दोन लग्नं. पहिलीशी काडीमोड, दुसरीपासून मूल नाही म्हणून दोघांनी मिळून डेनिस नावाचा मुलगा दत्तक घेतलेला.

"डेनिसला तुटक रेघ काढा," तो म्हणाला, "पण जाड काढा. लाडका आहे माझा. आणि पहिल्या बायकोला जमलं तर खालच्या ओळीत टाका."

"खालच्या ओळीत तुमची पोरं येतील. त्यांनी काय पाप केलंय?"

रोमानो खो खो हसला. त्याच्याबरोबर त्याची थोरली बहीण विन्का आली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, बारीक, काळा झगा. नवरा बोटीवर खलाशी होता, तो केव्हाच वारला. ती हसली नाही, पण भावाच्या बाहीला लागलेली मिठाईची पिठीसाखर तिने हाताने झटकली.

घराण्याचा नकाशा असा: दुसऱ्या ओळीतल्या बऱ्याच भावंडांत शेजारीशेजारी दोन भाऊ, थोरला बार्तोल आणि धाकटा गाश्पार. बार्तोलची मुलं म्हणजे ही विन्का आणि हा रोमानो. गाश्पारची पहिली बायको लुत्से बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरी बायको दुमित्सा. तिला मूल झालं नाही, म्हणून अडुसष्ट साली त्यांनी जवळच्याच रियेका शहरातल्या अनाथाश्रमातून एक तान्ही मुलगी आणली. तिचं नाव निवेस. विन्का आणि निवेस म्हणजे चुलत बहिणी, घरं भिंतीला भिंत लागून. निवेस आता छप्पन्न वर्षांची होती, तिला दोन मुलगे, तीन नातवंडं.

अल्बिनाला यात काहीच अवघड वाटलं नाही. बार्तोल डावीकडे, गाश्पार उजवीकडे. गाश्पारच्या डाव्या हाताला लुत्से, उजव्या हाताला दुमित्सा. दुमित्साच्या लग्नाच्या रेघेतून तुटक रेघ खाली, निवेसवर. विन्का, रोमानो, निवेस तिघंही तिसऱ्या ओळीत. तीन आठवड्यांत पेन्सिलचा कच्चा कागद तयार झाला. तिचा नियमच होता की घरातल्या कुणीतरी कच्चा कागद नावानिशी तपासून सही करायची, मगच शाई.

रोमानो आला, त्याने पाच मिनिटांत कागद बघितला, "झकास" म्हणाला, सही ठोकली आणि बाजारात मासे संपतील म्हणून पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विन्का एकटी आली.

"मला जरा सावकाश बघायचंय," ती म्हणाली. "चालेल ना बाई?"

"बघा की. घाई मलाही नाही." अल्बिनाने कॉफी ठेवली आणि बशीत दोन बाश्कोत दिले. बाकारचा हा गोल कडक पाव भिजवल्याशिवाय दात लागू देत नाही.

विन्काने बाश्कोतला हात लावला नाही. ती बोर्डाजवळ उभी राहिली, चष्मा लावला, आणि बोट कागदाला न टेकवता वरच्या वर फिरवत राहिली. आजोबा मिकुला, आजी मारे, बाप बार्तोल. मग स्वतःवर आली आणि थांबली.

"हे काय आहे? माझ्याखाली?"

"मूल नाही, त्याची खूण."

"हं." ती आणखी जवळ वाकली. "ही नसली तर चालणार नाही?"

अल्बिनाला हा प्रश्न नवा नव्हता. मूल नसलेल्या बायका हमखास विचारत, आणि तिचं उत्तर पाठ होतं, कारण ते तिने आधी स्वतःला दिलेलं होतं. ती भिंतीवरच्या आपल्या घराण्याच्या चौकटीकडे गेली आणि तिथे आपल्या नावाखाली बोट ठेवलं.

"ही बघा. माझ्याखाली पण आहे. मीच काढली. मी मेले का काढताना? यात लाज कसली हो विन्काबाई? नाही झालं मूल, तर नाही झालं. रेघ नसली तर लोक म्हणतील अल्बिना विसरली."

"लाजेचं नाही," विन्का म्हणाली.

मग ती उजवीकडे सरकली, निवेसपाशी. "ही आणि मी एकाच ओळीत."

"मग? चुलत बहिणी ना तुम्ही?"

"हो. पण ती दत्तक. तिची आई कोण ते माहीत असतं, तर?"

आता अल्बिना बोलायला लागली, कारण कामाबद्दल कुणी विचारलं की तिला राहवत नसे. "तर पोटच्या आईकडून सलग रेघ आणि दत्तक घेणाऱ्यांकडून तुटक. आई परक्या घरातली असेल तर प्रश्न नाही, बाजूला छोटीशी दाखवायची. आई याच घराण्यातली असली तर मात्र डोकेदुखी. मूल आईच्या खालच्या ओळीत जायला हवं. एक माणूस दोन ओळींत बसत नाही."

"म्हणजे समजा... माझ्या ओळीतली कुणी असली, तर निवेस खाली जाणार."

"चौथ्या ओळीत. मग तिची मुलं पाचव्या, नातवंडं सहाव्या. इथे ओळी पाचच आहेत. सहावी घालायची तर सगळ्या ओळींमधलं अंतर कमी करायचं. तिचं अख्खं बिऱ्हाड उचलून त्या आईच्या खाली आणायचं, म्हणजे बाकीचे सगळे सरकणार. नवा कागद. एकशे त्रेचाळीस माणसं पुन्हा. निव्वळ शाईचेच अकरा दिवस." हे ती काहीशा फुशारकीने म्हणाली, कारण अकरा दिवसांत एवढं काम रियेकापर्यंत दुसरं कुणी करत नव्हतं.

"अगंबाई," विन्का हळूच म्हणाली. "एवढ्या लोकांना हलवायचं."

"म्हणून तर म्हणते, आश्रमातली पोर असली की बरं. कुणाची कोण, विचारायला नको. जिने आणली तिच्याखाली बसली."

विन्काने मान हलवली. तिने थंड झालेली कॉफी उभ्याउभ्याच पिऊन टाकली आणि कप स्वतः नेऊन मोरीत ठेवला. दाराशी जाऊन ती वळली. "राहू दे मग. छान झालंय. फार सरळ झाल्यात ओळी."

"त्या रेघेचं मनाला लावून घेऊ नका," अल्बिनाने मागून सांगितलं.

"नाही हो," विन्का म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

मे महिन्यात अल्बिनाने शाई केली. विन्काखालची आडवी रेघ तिने बाकीच्यांसारखीच केली, पाच मिलिमीटर, पट्टी लावून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या दाराजवळ काळी किनार असलेला मृत्यूचा कागद लागला, त्यावर विन्काचा फोटो होता. चेरी काढायला शिडीवर चढली होती, उतरून बाकावर बसली, तिथेच गेली. अल्बिना दफनाला गेली. मागे उभी राहिली. पुढे रोमानो लहान पोरासारखा रडत होता, आणि त्याच्या शेजारी निवेस होती, कोरड्या डोळ्यांची, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातलेली. दगड आहे बाई, असं अल्बिनाच्या मनात आलं. नंतर या विचाराची तिला फार लाज वाटली, म्हणून इथे सांगितलं.

महिनाअखेरीला निवेस तिच्या दारात आली.

"रोमानोने पाठवलंय. विन्काच्या नावापुढे साल घालायचंय ना, ते सांगायला."

"माहीत होतं मला, घालणारच होते. या, बसा."

निवेस बसली नाही. शाईचा तयार कागद बोर्डावर पसरलेला होता. तिने तो वरून खाली बघितला, आपल्या नातवंडांची नावं बघून जरा हसली, मग डावीकडे विन्कापाशी गेली. आणि विन्का जिथे थांबली होती तिथेच थांबली.

"ही रेघ?"

"मूल नाही, त्याची खूण." या वेळी अल्बिनाने पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. मेलेल्या बाईबद्दल कशाला.

"चुकलंय," निवेस म्हणाली. "तिला मूल होतं. मी."

अल्बिनाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"लग्नाच्या वेळी मला जन्माची नोंद लागणार होती," निवेस सांगत होती, कागदाकडेच बघत. "रियेकाला कचेरीत गेले. बाईने वही उघडली, माझ्याकडे फिरवली. आईच्या रकान्यात विन्का बालाबानिच, वय अठरा. बापाचा रकाना कोरा. खाली दत्तक दिल्याची टीप. चोवीस वर्षांची होते मी. घरी आले, तर ही अंगणात माझ्या लग्नाचे टेबलक्लॉथ वाळत घालत होती. मला म्हणाली, 'मिळाला का गं कागद?' मी म्हटलं, 'मिळाला.' ती म्हणाली, 'वाचलास?' मी म्हटलं, 'नाही, पाकिटात आहे.'"

"का?"

"काय माहीत. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, नको. हिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. दुमित्सा आई जिवंत होती, तिलाही वाईट वाटलं असतं. मग दुमित्सा आई गेली. मला वाटलं, आता सांगेल. माझा पहिला झाला, रात्रंदिवस माझ्याकडेच होती. वाटलं, आज सांगेल. बत्तीस वर्षं. भिंतीला भिंत. रोज सकाळी कॉफी बरोबर प्यायचो आम्ही." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी विचारायला हवं होतं. मी मूर्ख, वाट बघत बसले. मला वाटायचं, तिला मी नकोच आहे. त्या नात्याने नको आहे."

अल्बिनाला गप्प बसता आलं असतं. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण अल्बिना कच्च्या कागदावरही "बहुतेक" चालू न देणारी होती.

"ती आली होती इथे," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. एकटीच."

निवेसने वर बघितलं.

"हीच रेघ तिला नको होती. नसली तर चालणार नाही का, म्हणाली. मी तिला भाषण दिलं. माझीच रेघ दाखवली, लाज कसली म्हटलं. मग तिने तुमच्याबद्दल विचारलं. तुमची आई माहीत असती तर काय, आणि याच ओळीतली कुणी असली तर तुम्ही कुठे जाल. मी म्हटलं, खालच्या ओळीत. आणि वर हेही म्हटलं..." अल्बिनाने चष्मा काढला. "म्हटलं, सगळा कागद पुन्हा करावा लागेल. अकरा दिवस लागतील. एकशे त्रेचाळीस माणसं हलवावी लागतील. तर म्हणाली, राहू दे मग."

निवेस खुर्चीवर बसली.

"म्हणजे ती सांगायला आली होती."

"मला वाटतं, हो."

"आणि माणसं हलवायला नकोत म्हणून परत गेली." निवेस रडायला लागली, आवाज न करता. "अशीच होती ती. बसमध्ये खिडकीजवळ बसली असली ना, तर उतरायचा थांबा आला तरी उठायची नाही, शेजारच्याला उठवायला नको म्हणून. पुढच्या थांब्यावरून चालत यायची."

माफी मागावी तर कशाची, आणि कुणाची? अल्बिना उठली, निवेसच्या खुर्चीमागे उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

डोळे पुसून निवेस म्हणाली, "ती रेघ ब्लेडने खरवडता येत नाही का? बाकीचं राहू दे. ऑगस्ट जवळ आलाय."

"नाही," अल्बिना म्हणाली. "नवा कागद."

रोमानोला निवेसने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो आधी "कोण म्हणतं" म्हणून ओरडला, मग जन्माची नोंद बघून मटकन बसला, आणि तासाभराने त्याने अल्बिनाला फोन केला. "माझ्या बहिणीला मुलगी होती आणि मला, गाढवाला, कळलं नाही. काढा बाई. मेळावा पुढे ढकलावा लागला तरी काढा."

मेळावा ढकलावा लागला नाही. अल्बिनाने सहा ओळी आखल्या, अंतर कमी केलं, खालून वर पुन्हा मोजलं. अडचण एकच होती. थोरली म्हणून विन्का भावंडांत डावीकडे, आणि गाश्पार उजवीकडे. गाश्पार-दुमित्साची तुटक रेघ निवेसपर्यंत न्यायची तर ती रोमानोच्या सगळ्या बिऱ्हाडाला कापत जाणार. आयुष्यात तिने भावंडांचा जन्मक्रम मोडला नव्हता. यावेळी मोडला. विन्काला भावाच्या उजवीकडे, गाश्पारच्या लगत आणलं आणि नावांवर बारीक एक-दोन आकडे घातले, म्हणजे थोरली कोण ते कळावं. आता गाश्पारखाली तिसऱ्या ओळीत कुणीच नव्हतं. तिथून तुटक रेघ मोकळ्या जागेतून सरळ खाली आली. चौथ्या ओळीत निवेस, तिचे मुलगे पाचव्यात, नातवंडं सहाव्यात. सगळं शाई करून तिने एकच रेघ मुद्दाम शेवटी ठेवली आणि निवेसला बोलावलं.

निवेस आली, बोर्डाशेजारी उभी राहिली. अल्बिनाने पट्टी लावली, पेन भरलं आणि विन्काच्या नावाखालून निवेसच्या नावापर्यंत सलग रेघ ओढली.

"झालं?" निवेसने विचारलं.

"झालं," अल्बिना म्हणाली. चार सेंटिमीटरची रेघ होती. ओढायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.